‘३’ म्हणजे काय, हे कोणी ठरवायचे?

“स्केलच्या दोन टोकांनाच शब्द लिहा, मधले आकडे पुरेत. आकडे तटस्थ असतात, शब्द माणसाला ढकलतात. सरासरी तीच येते, त्यामुळे जुन्या फॉर्मशी तुलनाही बिनधास्त करा.”

हा संदेश वाचून माझ्या धाकट्या बहिणीने रुग्णांच्या समाधानाबद्दलच्या प्रश्नावलीत १ ते ५ च्या स्केलवरचे मधले तीन शब्द खोडले. पहिली फेरी शब्दांसह झाली होती, दुसरी नुसत्या आकड्यांवर सुरू झाली. म्हणून हे लिहिणे भाग आहे.

आकड्यांना स्वतःचा अर्थ असतोच. तिच्याच फॉर्मवर एका आजोबांनी ३ वर बोट ठेवून विचारले, “पाचापैकी तीन म्हणजे साठ टक्के, म्हणजे फर्स्ट क्लास ना?” तिच्या लेखी ३ म्हणजे ‘धड समाधानी नाही, धड असमाधानीही नाही’. मानसशास्त्रज्ञ नॉर्बर्ट श्वार्त्झ आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जर्मनीतील अभ्यासात ‘आयुष्यात तुम्ही किती यशस्वी झालात?’ हा प्रश्न ११ पायऱ्यांच्या स्केलवर विचारला होता. टोकांचे शब्द तेच होते, फक्त आकडे काहींना ० ते १० आणि काहींना −५ ते +५ असे दिले होते. खालच्या सहा पायऱ्या पहिल्या गटात ३४ टक्के लोकांनी निवडल्या, दुसऱ्यात १३ टक्क्यांनी. शून्याचा अर्थ लोकांनी ‘यश नाही’ असा घेतला, तर उणे पाचाचा ‘चक्क अपयश’ असा.

सर्वांत घातक आहे तो तुलनेचा सल्ला. मधल्या पायऱ्यांना नाव नसले की लोक नाव असलेल्या टोकांकडे अधिक झुकतात, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. समजा, दहा रुग्णांपैकी सात जणांनी ‘समाधानी’ म्हणजे ४ निवडले आणि तिघांनी ३, तर सरासरी ३.७ येते. आता ४ वरचा शब्द गेला आणि त्या सातांपैकी तिघे ५ वर सरकले, तर सरासरी थेट ४.० होते. कोणाचेही मत बदललेले नसताना अहवालात मात्र ‘सेवा सुधारली’ असे छापले जाईल.

शब्दही ढकलतात, हे मान्य करावे लागेल. सर्व पायऱ्यांना शब्द असले की सहमतीकडचा कल थोडा वाढतो, आणि ‘ठीक, चांगले, उत्तम, अत्युत्तम’ अशी एकाच बाजूला झुकलेली शब्दरचना उत्तरे बिघडवते. पण त्यावर उपाय समतोल शब्द निवडण्याचा आहे, ते पुसून टाकण्याचा नाही.

बहिणीला मी सांगितले आहे की उरलेल्या रुग्णांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकून जुना फॉर्म द्यावा आणि दोन्ही फॉर्मवर १ व ५ निवडणाऱ्यांचे प्रमाण वेगवेगळे मोजावे. तिथे जो फरक दिसेल तो फॉर्मचा धरावा, आणि तोवर दोन फेऱ्यांच्या सरासऱ्या शेजारी शेजारी मांडू नयेत.