सगळं येतं, फक्त स्कॅन येत नाही

कोथरूडात राहून रविवारी दुपारी दीड वाजता सोसायटीच्या कागदाचा स्कॅन पाहिजे असला तर त्याला नशीब लागतं, कारण कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला एक ते चार बंद असतो. पण माझ्याकडे ऑल-इन-वन प्रिंटर होता! माज होता मला.

नवीन लॅपटॉपला केबल लावली, दहा सेकंदांत प्रिंटर जोडला गेला, टेस्ट पेज झकास. मग काचेवर कागद ठेवून स्कॅनचं अ‍ॅप उघडलं तर म्हणे स्कॅनर सापडत नाही. अरे, ज्याने आत्ता प्रिंट दिली त्याच्याच डोक्यावर बसलाय ना तो!

पुढचा तास मी केबल काढ, घाल, रिस्टार्ट कर असं केलं, बायको मधेमधे "काकांना विचार ना" म्हणत होती. काका म्हणजे वरच्या मजल्यावरचे, रिटायर्ड इंजिनियर, पायजम्यातच आले. आधी त्यांनी मशीनवरचं कॉपीचं बटण दाबलं. कॉपी स्वच्छ निघाली. "स्कॅनर ठणठणीत आहे, लॅपटॉपच त्याला ओळखत नाही," काका म्हणाले.

तर झालं असं होतं की केबल एकच असली तरी कॉम्प्युटरला आत दोन वेगळी डिव्हाइस दिसतात, एक छापणारं, एक स्कॅन करणारं, आणि दोघांना वेगवेगळा ड्रायव्हर लागतो. विंडोजने स्वतःहून टाकलेला होता तो फक्त छापण्याचा, साधासा. म्हणजे लग्नाला नवरदेवाला बोलावलं आणि मंडपात करवलीला कोणी ओळखेना. Device Manager उघडलं तर खरंच Other devices खाली पिवळा त्रिकोण लावून बिचारा बसला होता.

काकांनी आधी `services.msc` मध्ये Windows Image Acquisition नावाची सर्व्हिस चालू आहे का पाहिलं, कारण ती बंद असली तर ड्रायव्हर असूनही विंडोजला स्कॅनर दिसत नाही. ती चालू होती. मग कंपनीच्या साइटवरून आमच्याच मॉडेलचा पूर्ण ड्रायव्हर उतरवला, नुसता प्रिंटचा छोटा नाही, बरं का, तिथे दोन्ही असतात आणि मी नक्कीच छोटाच घेतला असता. तोपर्यंत केबल काढून ठेवायची, इन्स्टॉलर सांगेल तेव्हाच लावायची. मी घाईने आधीच लावणार होतो, काकांनी हातावर चापट मारली.

पिवळा त्रिकोण गेला, Imaging devices खाली नाव आलं आणि स्कॅन एका झटक्यात झाला. काकांना चहा दिला, फाईल मेल केली, सोसायटीच्या ग्रुपवर ऐटीत "पाठवलंय" टाकलं.

सोमवारी सेक्रेटरी म्हणाले, स्कॅन मिळाला, आता ओरिजिनल दाखवा. सगळं घर पालथं घातलं तरी मिळेना. शेवटी बायकोने गुपचूप स्कॅनरचं झाकण उचललं.