फुटलेल्या हातांवर लिंबू-मीठ चोळू नका

“भांडी घासून हात फुटलेत? लिंबू-मीठ चोळा, जंतू मरतात, कातडी मऊ होते.”

कृपया असं करू नका. हे हात बहुतेकदा जंतूंमुळे फुटलेले नसतात. भांड्यांचा साबण तेलकटपणासोबत त्वचेतलं तेलही ओढून घेतो. मग आतला ओलावा उडतो आणि भेगा पडतात. सुरुवात अनेकदा अंगठीखाली होते, कारण साबण तिथेच अडकून राहतो. उघड्या भेगेत लिंबू गेलं की आग होते आणि इजा वाढते.

कामाआधी अंगठी काढा. आत सुती, वर रबरी हातमोजे घाला. धुतल्यावर हात टिपून, ओलसर असतानाच साधी पेट्रोलियम जेली लावा, दर वेळी. पू किंवा पाण्याचे फोड दिसले तर मात्र त्वचारोगतज्ज्ञांनाच दाखवा.