वहीतला ‘का’ आणि मनातला ‘च’

“सर, तुमच्या यादीतली दोन पुस्तके उन्हाळ्यात वाचून काढली आणि तुम्ही सांगितले तसे रोज रात्री वहीत मन मोकळे केले. दोनशे पानी दोन वह्या भरल्या. राग कमी होण्याऐवजी दुप्पट झाला. इकडे अंतरिम पोटगीच्या अर्जावर नुसत्या तारखा पडत आहेत, आणि तुमचे अमेरिकेतले लेखक सांगतात, माफ करा. चूक त्याची आणि माफ मी करायचे? आपल्याकडच्या बायकांना हा उपदेश नवा नाही. — धरमपेठेतील एक वाचक”

ताई, वहीच्या बाबतीत चूक माझी आहे आणि ती आधी मान्य करतो. घटस्फोटातून जाणाऱ्यांसाठी पुस्तकांची यादी दिली होती, त्या माझ्या आधीच्या लेखात ‘रोज लिहा’ असे मी बिनधास्त लिहून गेलो. ज्या प्रयोगावरून ही पद्धत रूढ झाली, त्यात रोज लिहायचे नव्हतेच. जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाने १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, दररोज पंधरा मिनिटे, आयुष्यातल्या आघाताबद्दल लिहिले आणि तिथे लिहिणे संपले. चार दिवसांचे औषध मी महिनोन्‌महिने घ्यायला सांगितले, असा त्याचा अर्थ होतो.

पण माझी खरी चूक याहून मोठी आहे. नुकत्याच विभक्त झालेल्या माणसांवर ही पद्धत वेगळ्याने तपासली गेली आहे, आणि यादी करताना मी ते ध्यानात घ्यायला हवे होते. ॲरिझोना विद्यापीठातील डेव्हिड स्बारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली नव्वद व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना वेगळे होण्याविषयीच्या भावना मोकळेपणाने लिहायला सांगितल्या होत्या, तर काहींना भावनांना हात न लावता दिवसभरात काय काय केले, एवढीच नोंद करायला सांगितली होती. काही महिन्यांनी पुन्हा तपासले तेव्हा असे दिसले की, जी माणसे मुळातच ‘हे का झाले, याचा अर्थ काय’ या शोधात अडकलेली होती, त्यांचा त्रास भावना लिहिल्याने अधिक राहिला आणि कोरडी नोंद केल्याने कमी झाला. म्हणजे कढ काढण्याची सवय असलेल्या मनाला लेखणी दिली, तर ते मोकळे होत नाही. त्याच कढईखाली आणखी जाळ घातला जातो.

आपण त्या गटातले आहोत की नाही, हे कळण्यासाठी कोणाकडे जावे लागत नाही. वहीतली कुठलीही सलग पाच पाने उघडा आणि ‘का’ या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारत चला. तो असा का वागला, मला आधी का कळले नाही, सासूबाई गप्प का बसल्या. पहिल्या पानावरचा ‘का’ पाचव्या पानावर तसाच भेटत असेल, मधल्या पानांत नवी माहिती, नवा निष्कर्ष काहीच आलेला नसेल, तर ती वही मिटावी. (ही रेघांची युक्ती कुठल्याही ग्रंथातली नाही. माझ्या स्वतःच्या जुन्या वहीत मी त्या मारल्या होत्या, आणि तिसऱ्या पानावरच थांबलो.) तिच्या जागी पंधरा दिवस कोरडी नोंद करून पाहा: “सकाळी सातला कूलरमध्ये पाणी भरले, ताटी बदलायला झाली आहे. दुपारी बँकेत गेले, रांग होती. रात्री झुणका-भाकर केली, अर्धी भाकरी उरली.” हे वाङ्मय नाही, हे मलाही कळते. परंतु नवतप्यातल्या त्या दिवशी तुमच्या आयुष्यात त्या गृहस्थांव्यतिरिक्त किती गोष्टी घडल्या, हे तेवढ्यापुरते का होईना, तुमच्याच अक्षरात कागदावर राहते.

आता क्षमेकडे येतो. तुमचा आक्षेप, मला वाटते, फ्रेड लस्किन यांच्या २००२ सालच्या ‘फरगिव्ह फॉर गुड’ या पुस्तकावर आहे. ते मी यादीत ठेवले याचे मला वाईट वाटत नाही. मात्र त्यातला ‘क्षमा’ हा शब्द मराठीत जसाच्या तसा आणून मी घोटाळा केला. आपल्याकडे क्षमा म्हणजे मोठेपणाने झाले-गेले पोटात घालणे, आणि बहुतेक वेळा पुन्हा त्याच घरात जाऊन राहणे. लस्किन स्पष्ट सांगतात की, क्षमा म्हणजे समेट नव्हे, झालेल्या गोष्टीला बरे म्हणणेही नव्हे. ज्याने दुखावले तो त्यात सहभागीसुद्धा नसतो, त्याला कळवावेही लागत नाही.

त्या पुस्तकातले कामाचे प्रकरण वेगळेच आहे आणि तुम्ही कदाचित ते चाळून पुढे गेला असाल. लस्किन म्हणतात की, आपण मनात काही नियम करून ठेवतो आणि ते पाळायला लावण्याची सत्ता आपल्याजवळ नसते. तरीही आपण ते लागू करण्याचा अट्टहास रोज करत राहतो आणि रोज हरतो. मराठीत हा नियम ओळखणे इंग्रजीपेक्षाही सोपे आहे, कारण आपल्या भाषेने त्याला एक अक्षर दिले आहे: ‘च’. “त्याने माझ्या आईची माफी मागितलीच पाहिजे.” “त्याला एकदा तरी माझी आठवण आलीच पाहिजे.” अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत, जी महाराष्ट्रात डॉ. कि. मो. फडके यांनी रुजवली, या ‘पाहिजेच’लाच त्रासाचे मूळ मानले आहे. इंग्रजी पुस्तकाचा कंटाळा आला असेल तर डॉ. अंजली जोशी यांची ‘मी अल्बर्ट एलिस’ ही कादंबरी आधी वाचा. तीच गोष्ट कळेल आणि उपदेश ऐकल्यासारखे वाटणार नाही.

तुमचेच प्रकरण घेऊन हे कसे करायचे ते दाखवतो, कारण इथे आपला कायदा आणि ते पुस्तक एकमेकांना चांगले पूरक ठरतात. एका कागदाचे मधोमध दोन भाग करा. डावीकडे जे जे कोणीतरी त्याच्याकडून करून घेऊ शकते ते लिहा. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खालील अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा, असे त्याच कलमात आहे. ‘शक्यतो’ हा शब्द किती लांबतो हे तुम्ही अनुभवत आहातच, पण तो मुद्दा वकिलांना लेखी अर्जात मांडता येतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली रजनेश विरुद्ध नेहा या निकालात दोन्ही पक्षांनी उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे शपथपत्र दाखल करणे आवश्यक ठरवले. ते दाखल झाले आहे का, त्यात पगाराच्या पावत्या आहेत का, हे डावीकडे. तुमचे दागिने, भांडी, पदवीची मूळ प्रमाणपत्रे हेही डावीकडे. या बाजूला राग उपयोगी आहे. तो तारखेला वेळेवर पोहोचवतो, कागद शोधायला लावतो. यातले काहीही क्षमेच्या नावाखाली सोडू नका. सोडा, असे लस्किनही सांगत नाहीत.

उजवीकडे ते लिहा जे जगातले कुठलेही न्यायालय देऊ शकत नाही: त्याला पश्चात्ताप व्हावा, सासरच्यांनी खरे काय ते नातेवाइकांत सांगावे, तुमची दहा वर्षे वाया गेली नाहीत असे त्याने म्हणावे. माझा अंदाज असा आहे की तुमच्या दोन्ही वह्या याच बाजूच्या आहेत. या प्रत्येक वाक्यातला ‘च’ काढून ते पुन्हा लिहायचे: “त्याने माझ्या आईची माफी मागितली असती तर मला बरे वाटले असते, तो मागेल असे दिसत नाही.” वाक्य दु:खीच राहते, त्यात हसू येण्यासारखे काही नाही, पण त्यातली मागणी गेलेली असते. कटुता बहुधा त्या मागणीला चिकटलेली असते, दु:खाला नव्हे. कठीण भाग असा की, डावीकडची एक तारीख हुकली की उजवीकडचा ‘च’ परत येतो, कारण आपण न्यायालयाकडून पैशांबरोबर पश्चात्तापाचीही अपेक्षा नकळत करू लागतो. म्हणून हा कागद एकदा करून ठेवून देण्याचा नाही. प्रत्येक तारखेच्या आदल्या रात्री तो काढून पाहण्याचा आहे.

यादीतले दुसरे पुस्तक, ब्रूस फिशर यांचे १९८१ साली प्रथम निघालेले ‘रिबिल्डिंग’, मी पहिल्या क्रमांकावर ठेवायला हवे होते. त्यात घटस्फोटानंतरची वाट एकोणीस दगडांच्या रूपाने मांडली आहे आणि त्यात राग हा ‘सोडून देण्या’च्या आधीचा दगड आहे. तुम्ही रागाच्या दगडावर उभ्या असताना मी तुमच्या हातात पुढचे पुस्तक दिले. त्या पुस्तकाची मर्यादाही सांगतो: त्याचा वाचक बहुतेक कायदेशीर गोष्टी आटोपलेला, स्वतंत्र घर असलेला गृहीत धरला आहे. माहेरच्या मागच्या खोलीत राहून तारखा करणाऱ्या बाईने त्यातली नव्या नात्यांविषयीची प्रकरणे खुशाल बाजूला ठेवावीत.

पण त्यातला एक भाग मात्र वगळू नका: ज्याने सोडले आणि जिला सोडले, त्या दोघांच्या वेळापत्रकातला फरक. सोडणारा मनाने आधीच निघालेला असतो. त्याचे रडणे घरात राहत असतानाच होऊन गेलेले असते. ज्या दिवशी दुसरीला कळते, त्या दिवशी तिचे सुरू होते. याबाबतीत मी कोरड्या पांडित्याने बोलत नाही, कारण माझ्या स्वतःच्या घटस्फोटात सोडणारा मी होतो. परस्परसंमतीच्या अर्जाच्या दुसऱ्या तारखेला मी बाहेरच्या बाकावर शांतपणे चहा पीत बसलो होतो आणि बायकोने समुपदेशक बाईंना सांगितले, “बघा, याला काही वाटतच नाही.” तिला मी दगडासारखा दिसलो, पण माझे रडणे त्याआधीच्या दोन पावसाळ्यांत अंबाझरीच्या रस्त्यावर स्कूटर थांबवून संपलेले होते. यामुळे मी निर्दोष ठरत नाही. मी तिला ते दोन पावसाळे आधीच सांगायला हवे होते. परंतु समोरच्याच्या शांतपणाचा अर्थ ‘मी त्याच्यासाठी काहीच नव्हते’ असाच होतो असे नाही, एवढे त्या प्रकरणातून कळते, आणि उजवीकडच्या यादीतली एखादी ओळ त्यामुळे आपोआप खोडली जाऊ शकते.

एक गोष्ट मूळ लेखात राहूनच गेली होती. घरात मारहाण झाली असेल किंवा अजून धमक्या येत असतील, तर यातले कुठलेही पुस्तक आधी वाचायचे नाही. आधी वकील आणि घरगुती हिंसाचार कायद्याखालील संरक्षण अधिकारी, पुस्तके मागाहून. झोप आणि जेवण कित्येक आठवडे बिघडलेले असेल, तरीही पुस्तकाआधी डॉक्टर.

‘रोज लिहा’ ही ओळ मी आज लेखातून काढली आहे, आणि क्रम बदलून फिशर पहिला, लस्किन दुसरा केला आहे. फिशरच्या पुस्तकातले रागाचे प्रकरण आणि त्याच्या आधीचे शोकाचे, एवढीच दोन सध्या वाचा. लस्किनचे पुस्तक पोटगीचा अंतरिम आदेश होईपर्यंत कपाटात राहिले तरी चालेल; दोन भागांचा तो कागद मात्र पुढच्या तारखेच्या आधी करा.