गळू चिरल्यामुळे भगंदर होतं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

"तुम्ही सर्जन लोक सुरी घेऊनच बसलेले असता. माझ्या भावाला शौचाच्या जागेशेजारी दुखरी गाठ आली, ताप होता. पाच दिवस गोळ्या घेतल्यावर ताप उतरला, तरी डॉक्टरांनी चिरा दिला. तीन महिने झाले, अजून तिथून पू येतो. आता भगंदर म्हणतात. चिरलंच नसतं तर हे झालं नसतं."

तुमचा राग समजू शकतो, पण भगंदराची सुरुवात चिरा देण्याच्या आधीच झालेली असते. गुदमार्गाच्या आत, साधारण दोन सेंटिमीटरवर, बारीक ग्रंथी असतात. एखादीचं तोंड बुजलं की आत पू होतो आणि स्नायूंमधून वाट काढत कातडीखाली येऊन साठतो. बाहेर दिसणारी गाठ म्हणजे या वाटेचं शेवटचं टोक. पू काढला की गाठ बसते, पण आतलं तोंड उघडं राहिलं तर वाट भरून येत नाही, आणि तेच भगंदर. साधारण तिघांतल्या एकाला ते होतं. गळू आपोआप फुटलं तरीही होतं.

ताप उतरला म्हणजे पू गेला असं नाही. पुवाच्या पोकळीत रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे गोळ्यांचं औषध तिथे पुरेसं पोहोचतच नाही. ताप दबतो आणि पू आतल्या चरबीत पसरत राहतो, कधी मागून वळून दुसऱ्या बाजूलाही जातो. मधुमेह असेल तर कातडी काळी पडून जिवावर बेतू शकतं. म्हणून 'पिकू दे, मग बघू' हा सल्ला मला पटत नाही. खोल गळवाला तर बाहेर गाठही दिसत नाही. नुसता ठणका, ताप आणि बसवत नाही, एवढंच.

चिरा शक्यतो गुदद्वाराच्या जवळ देतात, म्हणजे पुढे भगंदर झालंच तर त्याची वाट आखूड राहते. कातडीचा छोटा तुकडाही काढतात, नाहीतर वरचं तोंड आधी मिटतं आणि आत पुन्हा पू साठतो. सुजलेल्या जागी सळई घालून वाट शोधत बसलं तर नवीच खोटी वाट पडू शकते, म्हणून बहुतेक वेळा भगंदराचं काम नंतरवर ठेवतात. हे सगळं भावाला आधी कुणी सांगितलं नसेल, तर ती तक्रार मात्र रास्त आहे.

आता पुन्हा गोळ्यांचा कोर्स नको. एमआरआय करून वाट स्नायूच्या किती भागातून जाते ते पाहू द्या. थोड्याच भागातून जात असेल तर ती उघडून टाकतात. जास्त भागातून जात असेल तर थेट कापत नाहीत, कारण शौचावरचा ताबा जाण्याची भीती असते. तिथे साधा दोरा किंवा क्षारसूत्र, म्हणजे क्षाराचा लेप दिलेला दोरा, घालतात. शुगर तपासून घ्या. आणि ते छिद्र मिटून ठणका, ताप परत सुरू झाला, तर त्याच दिवशी सर्जनकडे न्या.