गूळ-शेंगदाणे, लाल गोळी आणि रविवारचं काळीज : तासगावच्या काकूंना उत्तर

"मॅडम, लेख वाचला. गरोदर बाई म्हणजे काय पेशंट आहे का? माझ्या दोन्ही बाळंतपणांत मी एक गोळी घेतली नाही. गूळ-शेंगदाणे खाल्ले, पोरं धडधाकट आहेत. माझ्या सुनेला पाचवा चालू आहे, हिमोग्लोबिन ८.६. लाल गोळी सुरू केल्यापासून शी काळी होते, पोट साफ होत नाही. मी गोळी बंद करून रोज बीट आणि रविवारी काळीज सुरू केलंय. आणि तुम्ही लिहिता पपई चालते, काळीज नको! औषध कंपन्यांचं भलं करायला लिहिता का?"
— एक सासू, तासगाव

काकू, आकडा लिहिलात ते फार बरं केलंत. ८.६ वाचल्यावर आधी एवढंच सांगते : लोहाची लाल गोळी आजच परत सुरू करा, बाकीचं उत्तर सावकाश वाचलंत तरी चालेल. गरोदरपणात ११ च्या खाली गेलं की रक्त कमी धरतात, ७ च्या खाली गेलं तर धोक्याचं. सूनबाई मधे आहेत, पण पाचव्या महिन्यात मधे आहेत आणि पुढचे चार महिने बाळ आणखी मागणार आहे. एवढ्या आकड्याला सरकारी कार्यक्रमातही एकाऐवजी दिवसाला दोन लाल गोळ्या देतात. तुमच्या डॉक्टरांनी किती सांगितल्यात, ते चिठ्ठीवर एकदा बघून घ्या.

आता गुळाचा हिशोब मांडू. पूर्ण गरोदरपणात बाईच्या अंगाला साधारण १००० मिलिग्रॅम लोह लागतं. बाळ आणि वार, आईचं वाढणारं रक्त, आणि रोजची झीज, सगळं धरून. ही मागणी नऊ महिन्यांत सारखी वाटलेली नसते. पहिले तीन महिने फारशी नसते, आणि पाचव्यानंतर दिवसाला ५-६ मिलिग्रॅम लोह खरोखर रक्तात उतरावं लागतं. खाल्लेलं सगळं उतरत नाही. भाकरी, डाळ, भाजी, गूळ यांतलं लोह दहात एक वाटा उतरलं तरी नशीब. गुळाचा सुपारीएवढा खडा म्हणजे फार तर एक मिलिग्रॅम, त्यातलं रक्तात जाणार त्याचा दहावा भाग. बीट तर त्याहून गरीब : शंभर ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमही भरत नाही. बिटाचा लाल रंग रक्ताचा नाही, तो निव्वळ रंग आहे, कधी लघवीला लाल करून निघून जातो. त्या मानाने तुमच्या घरची बाजरीची भाकरी बरी. दोन भाकऱ्यांत सहा-सात मिलिग्रॅम लोह असतं, सोबत लिंबाची फोड किंवा पेरू असला तर त्यातलं थोडं जास्त उतरतं. पण तेही पाचव्या महिन्यातल्या ८.६ ला पुरणारं नाही. लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. त्यातलं दहावा हिस्सा उतरलं तरी सहा झालं, म्हणजे त्या दिवसाचं भागलं.

तुमची मुलं धडधाकट आहेत ही आनंदाचीच गोष्ट आहे. माझी आजी खटावची. तिला सात बाळंतपणं झाली, मुलं जगली चार. गूळ-शेंगदाण्यांची गोष्ट ती रंगवून सांगायची, उरलेल्या तिघांबद्दल मात्र कधी बोलली नाही. आणि तेव्हा हिमोग्लोबिन तपासत कोण होतं? आपल्याला दम लागतो, पाय सुजतात, डोळे पांढरे दिसतात, हे सगळं "दिवस गेल्यावर होतंच" या एका वाक्यात बसायचं.

आता काळ्या शीबद्दल. ती गोळीमुळेच होते, आणि त्यात काही बिघडलेलं नसतं. न उतरलेलं लोह बाहेर पडताना काळं दिसतं, एवढंच. शी डांबरासारखी चिकट आणि उग्र वासाची झाली, तर मात्र डॉक्टरांना दाखवा, ते वेगळं. पोट साफ न होणं हा खरा त्रास आहे, त्याला मी हसण्यावारी नेणार नाही. पण त्यावरचा इलाज गोळी टाकणं हा नाही, पाणी-भाजी वाढवणं आणि गोळीची वेळ बदलणं हा आहे. पलूसकडची एक मुलगी माझ्याकडे आली होती. पाचवा महिना, हिमोग्लोबिन ८.२. गोळी रोज घेते म्हणाली, शपथेवर. मग मी विचारलं, कशाबरोबर घेतेस? तर सकाळी चपाती-चहा झाला की लगेच लाल गोळी, आणि विसरायला नको म्हणून कॅल्शियमची गोळीही त्याच घोटाबरोबर. म्हणजे गोळी पोटात जात होती, पण काम करत नव्हती. चहातलं टॅनिन लोहाला पकडून ठेवतं आणि कॅल्शियम त्याची वाट अडवतं. दूध प्यायलं तरी तेच.

तिच्या गोळ्या आम्ही वाढवल्या नाहीत, मुख्य म्हणजे वेळ हलवली. कॅल्शियम दुपारच्या आणि संध्याकाळच्या जेवणाबरोबर. लाल गोळी रात्री झोपताना, जेवणानंतर दोन तासांनी, लिंबूपाण्याच्या घोटाबरोबर. रात्री घेतल्यावर मळमळ झोपेत निघून जाते, हा तिचाच अनुभव. सकाळी उठल्यावर दोन तांबे पाणी, जेवणात पेरू आणि पालेभाजी, आणि चहा जेवणापासून निदान तासभर लांब. चार आठवड्यांनी ९.४ झालं. योग्य वेळी गोळी गेली तर महिन्याभरात एक अंक तरी चढायला हवा, हीच तिची परीक्षा. चढला नाही, तर गोळीला शिव्या न देता पुढचा शोध घ्यायचा : पोटात जंत आहेत का, बी-१२ कमी आहे का, थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तदोषाचा अंश तर नाही ना. या शेवटच्या गोष्टीत कितीही लोह दिलं तरी हिमोग्लोबिन फारसं हलत नाही, आणि नवऱ्याचंही रक्त तपासावं लागतं. तोंडाने गोळी सोसतच नसेल, तर शिरेतून लोह देता येतं. ते ठरवायचं डॉक्टरांनी.

कंपन्यांचं भलं म्हणालात, म्हणून एक जुनी गोष्ट. १९२८ मध्ये ल्यूसी विल्स नावाच्या डॉक्टर इंग्लंडहून मुंबईत आल्या. गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायकांना एक विचित्र प्रकारचं रक्त कमी होणं दिसत होतं, आणि त्याचा शोध त्यांना घ्यायचा होता. त्यांनी बायकांच्या जेवणाची चौकशी केली, आणि शेवटी यीस्टच्या अर्काने ते बरं होतं हे दाखवलं. १९३१ मध्ये ते छापून आलं. त्या अर्कातली कामाची गोष्ट म्हणजे पुढे ज्याला फोलेट म्हणायला लागले ते जीवनसत्त्व, आणि तेच फोलिक ॲसिडच्या रूपात लाल गोळीत असतं. म्हणजे या गोळीच्या वंशावळीत आपल्याच मुंबईच्या गिरणीतल्या बायका आहेत.

त्याच फोलेटबद्दल एक वाईट बातमी आहे, तुमच्या सुनेसाठी नव्हे, पुढच्या वेळेसाठी. बाळाच्या मेंदू-मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांत बंद होते. पाळी चुकली, आठवडा वाट पाहिली, घरात सांगितलं, डॉक्टरकडे गेलो, तोवर ते काम संपलेलं असतं. म्हणून फोलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी मूल हवं असं ठरल्यावर, निदान महिनाभर आधीपासून घ्यायची आणि तिसरा महिना संपेपर्यंत चालू ठेवायची. आधीच्या बाळाला मणक्याचा दोष होता अशांना डोस त्याच्या दहापट लागतो आणि तो डॉक्टरच ठरवतात. लग्नाच्या याद्या करताना साड्यांबरोबर हा विषय निघाला तर मला आवडेल. आता पाचव्यातही लाल गोळीत ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असतंच. ते रक्तासाठी लागतं, म्हणून तीही बंद करायची नाही.

जेवणातून फोलेट मिळतं ते पालक, मेथी, हरभऱ्याची भाजी, मसूर, चवळी, मोड आलेली मूग-मटकी यांतून. पण ते पाण्यात विरघळतं. भाजी उकळून पाणी फेकलं की फोलेट मोरीत गेलं. म्हणून कडधान्य शिजवलेलं पाणी, आपला कट, टाकू नका, आमटीत जाऊ द्या. आणि मोड कच्चे देऊ नका. फोलेटच्या नादात कच्ची मटकी खाणाऱ्या मुली पाहिल्यात मी. मोड येतात ती ओलसर ऊब सालमोनेलासारख्या जंतूंनाही आवडते. वाफेवर नीट गरम होऊ द्या, थोडं फोलेट गेलं तरी चालेल.

आता काळीज. त्यात लोह भरपूर, फोलेटही भरपूर, म्हणून तुमचा विचार चुकीचा नाही. पण त्यातच अ जीवनसत्त्वाचा तयार साठा इतका असतो की बकऱ्याच्या काळजाची एक वाटी झाली की दिवसाची ३००० मायक्रोग्रॅमची मर्यादा सहज ओलांडली जाते. हे जीवनसत्त्व जास्त झालं तर बाळाच्या घडणीत दोष येऊ शकतो, आणि सर्वांत जास्त धोका पहिल्या तीन महिन्यांत. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा तर गरोदर बायकांना काळीज खाऊच नका म्हणते. गाजर-पालकातलं तसं होत नाही, ते शरीर लागेल तेवढंच वापरतं. सूनबाईने चार रविवार खाल्लं असेल तर घाबरू नका, आता थांबवा एवढंच, आणि डॉक्टरांच्या कानावर घाला. रविवारी मटण करा, पण पूर्ण शिजलेलं, आतून गुलाबी नको. अंडंही घट्ट, हाफ फ्राय नको.

पपई कच्ची असेल तर नकोच. हिरव्या पपईच्या चिकाने गर्भाशय आकुंचन पावतं, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय. झाडावर पिवळी पिकलेली पपई मात्र खाऊ द्या. तिच्यात चीक उरत नाही, आणि क जीवनसत्त्वाने लोह उतरायला मदतच होते.

आणि एक विचारू का, रागावणार नाही ना? गोठ्यातलं दूध न उकळता धारोष्ण म्हणून दिलं जात असेल तर थांबवा, ब्रुसेलासारखे जंतू त्यातून येतात. आणि घरात कुणी मिश्री लावत असेल, अगदी तुम्ही स्वतः, तर ती डबी सुनेच्या हातात जाऊ देऊ नका. पोटातल्या बाळाचं वजन कमी करायला तंबाखू पुरेशी आहे.

गोळी पुन्हा सुरू केल्यापासून चार आठवड्यांनी रक्त तपासा आणि आकडा इथेच लिहा. ९.६ च्या आसपास आला तर तसंच चालू ठेवा, तिथेच राहिला तर मी सांगितलेल्या तीन तपासण्यांचं डॉक्टरांना विचारा.