बस थांबणार नाही (म्हणजे नक्की किती नाही?)

सोसायटीची कास पठाराची ट्रिप, सप्टेंबरातला रविवार, सकाळचा स्लॉट ऑनलाइन बुक केलेला. सीझनच्या रविवारी खंबाटकीत किती वेळ अडकायला होईल काही सांगता येत नाही, आणि मोठी बस कोथरूडच्या आमच्या गल्लीत वळतच नाही हे ड्रायव्हरला शनिवारी आठवलं. मग सहाचे साडेपाच केले, जागा बदलली, जुना मेसेज डिलीट केला आणि नवा टाकला:

"बदल! पहाटे 5:15ला हजर, 5:30ला बस सुटणार. चांदणी चौक, साताऱ्याकडे जाणारी बाजू. बस गेटवर येणार नाही. कोणासाठीही थांबणार नाही." सोबत लोकेशन.

अठरा अंगठे आले. अंगठा म्हणजे वाचलं, असं समजणाऱ्यांनी एकदा ट्रिप काढून बघावी.

रात्री साडेनऊला दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचा फोन.

"अरे, थांबणार नाही म्हणजे अगदीच नाही का?"

"नाही काका."

"पण समजा मी येताना दिसतोय. तरी?"

"दिसत असाल तर थांबू ना."

"किती लांबून दिसलेलं चालेल?"

मी गप्प.

"बरं ते जाऊ दे. ही झाली लोकांना सांगायची वेळ. आता खरी सांग."

"काका, हीच खरी आहे."

"अरे माझ्यापुरती सांग रे, मी कोणाला बोलणार नाही!"

पुढची दहा मिनिटं मी शपथेवर साडेपाच सांगत होतो आणि ते "हो हो, कळलं मला" असं हसत होते.

आता गंमत अशी की काका पाच वाजताच पोचले, फक्त मुंबईकडे जाणाऱ्या बाजूला. चांदणी चौकातला जुना पूल 2022 साली पाडला तेव्हापासून तिथे "चौकात भेटू" म्हणण्यात काही राम नाही. एवढे रॅम्प, एवढे सर्व्हिस रोड, की समोर दिसणारा माणूस रिक्षाने वळसा घालूनच भेटतो. 5:28ला फोन, "मी कधीचा उभा आहे, बस कुठाय तुमची?" थांबणार नाही हा नियम उशिरा येणाऱ्यांसाठी असतो हो, वेळेआधी येऊन भलतीकडे उभं राहणाऱ्याचं काय करायचं?

सहा मिनिटं थांबलो. ड्रायव्हर हॉर्न मारतोय, मागून एक वहिनी मोठ्यांदा म्हणतायत, "आम्ही पोरांना चारला उठवलं ते उगाच का?" शेवटी निघालो.

म्हणजे मी नियम पाळलाही नाही आणि मोडलाही नाही, आणि शिव्या दोन्हीकडून खाल्ल्या. अर्ध्या बसच्या मते मी ढिला, काकांच्या मते मला माणुसकी नाही. गेटवर सहा वाजता बॅगा घेऊन उभे राहिलेले चौघं तर वेगळेच, त्यांना कोणीतरी जुना मेसेज फॉरवर्ड केला होता, माझ्या फोनवरून डिलीट करून काय उपयोग?

काल काकांनी बसचे पैसे परत मागितलेत. वर रिक्षाचे.