ग्राफ स्वच्छ, आकडा बरोबर, आणि तरीही निदान चुकलं असतं

गेली कित्येक वर्षं लॅबमध्ये एचबीएवनसीचे, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणाऱ्या टेस्टचे, ग्राफ बघतेय. माझं ठाम मत आहे की या टेस्टचा नुसता आकडा रिपोर्टवर छापून पाठवू नये. का ते सांगते, जरा लांब होईल.

आपल्या रक्तातली साखर हिमोग्लोबिनला चिकटते, आणि बीटा चेनच्या टोकाला चिकटलेल्या त्या भागाला आपण एवनसी म्हणतो. साखर चिकटली की तिथला पॉझिटिव्ह चार्ज कमी होतो. हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या एचपीएलसी मशीनचा कॉलम पॉझिटिव्ह चार्जवाल्यांना धरून ठेवतो, त्यामुळे साखर लागलेलं हिमोग्लोबिन लवकर सुटून बाहेर येतं आणि साधं, ज्याला आम्ही ए झिरो म्हणतो, ते मागून येतं. प्रत्येकाचा ग्राफवर एक पीक, म्हणजे उंचवटा, उमटतो, त्यांच्या एरियावरून टक्केवारी निघते, दोनेक मिनिटांत काम संपतं.

आता कुणाचं हिमोग्लोबिनच वेगळ्या घडणीचं असेल तर? सिकलसेलच्या एचबीएसमध्ये एक निगेटिव्ह अमिनो अ‍ॅसिड जाऊन त्या जागी न्यूट्रल येतं, म्हणजे ते कॉलमला जास्त घट्ट धरतं आणि ए झिरोच्याही मागे, उशिरा, वेगळा पीक देतं. आईवडील दोघांकडून एस आलेला असेल तर ए झिरो जवळपास नसतोच. साधं हिमोग्लोबिनच नाही तर त्याला साखर चिकटणार कुठून? मग उपाशीपोटी साखर १९० आणि एवनसी ४.६ असले रिपोर्ट निघतात, आणि त्या ४.६ ला काहीच अर्थ नसतो. पण किमान इथे ग्राफ ओरडून सांगतो, मागचा तो उंच पीक बघणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही. फक्त बघणारा पाहिजे. बोरोनेट नावाच्या दुसऱ्या पद्धतीला या चार्जच्या भानगडीशी घेणंदेणं नाही, ती साखरेलाच पकडते, पण सिकलच्या रुग्णाच्या लाल पेशी लवकर मरतात त्यामुळे तिथेही आकडा खोटाच कमी येतो. अशा माणसाला फ्रुक्टोसामीन करायला सांगावं, ते रक्तातल्या प्रोटीनवरची साखर मोजतं, साधारण दोन-तीन आठवड्यांचा अंदाज देतं.

मला खरी काळजी वाटते ती अ‍ॅनिमियाची, कारण तो ग्राफवर दिसतच नाही.

एक बाई आल्या होत्या, अडतीस-चाळीसच्या. एवनसी ६.७. साडेसहाच्या वर म्हणजे डायबिटीस, गोळ्या सुरू करायची तयारी झालेली. मी ग्राफ परत उघडला, एकदम नीट, एवनसीचा पीक सुटा, मागे कुठला वेगळा पीक नाही, एकूण एरिया जरा कमी पण मर्यादेत. मशीनची काही चूक नव्हती. पण त्याच दिवशीची त्यांची उपाशीपोटीची साखर ९२ आणि जेवणानंतरची १३०. आता ६.७ म्हणजे सरासरी साखर किती, तर २८.७ ने गुणून ४६.७ वजा करायचे, येतात साधारण १४६. जिची जेवणानंतरची साखर १३० आहे तिची सरासरी १४६ कशी असेल, हे मला काही केल्या पटेना. एका दिवसाच्या साखरेवरून तीन महिन्यांचं सगळं कळत नाही हे खरं, पण फरक दुर्लक्ष करण्यासारखा नव्हता.

म्हणून सीबीसी बघितली. हिमोग्लोबिन ८.१, लाल पेशींचा आकार सांगणारा एमसीव्ही ६६, दोन्ही कमी. डॉक्टरांना फोन केला, शरीरातला लोहाचा साठा सांगणारं फेरिटिन करून घेतलं, ते ५ आलं. लोह पार संपलेलं. लोह कमी असलं की नवीन लाल पेशी कमी बनतात, रक्तात फिरणाऱ्या पेशी सरासरीने जुन्या राहतात, आणि जुन्या पेशीला साखर चिकटायला जास्त दिवस मिळालेले असतात. साखर वाढलेली नसते, पेशींचं वय वाढलेलं असतं. उलट रक्तस्राव झाला, पेशी फुटत असल्या, नुकतंच रक्त चढवलं असलं तर आकडा बहुतेक वेळा खाली येतो. म्हणजे "अ‍ॅनिमिया आहे ना, मग एवनसी कमीच येणार" असं जे सर्रास बोललं जातं ते अर्धवट आहे, अ‍ॅनिमिया कुठला हे आधी विचारलं पाहिजे.

डॉक्टरांनी डायबिटीसच्या गोळ्यांचा बेत सोडून लोह सुरू केलं. महिन्याभरातच बाई परत एवनसी करायला आल्या, मी त्यांना हात जोडून परत पाठवलं, कारण लोह सुरू झाल्यावर एकदम कोवळ्या पेशींची भर पडते आणि त्यांच्यावर साखर जवळजवळ नसते, तेव्हा आकडा दुसऱ्या बाजूला खोटा पडतो. लाल पेशी १२० दिवस जगते, तेवढं थांबायलाच हवं.

चार महिन्यांनी केलं तेव्हा हिमोग्लोबिन १२.४ आणि एवनसी ५.८. सरासरी साखर १२० च्या आसपास. ५.८ म्हणजे अगदी नॉर्मल नाही, सांभाळायला हवंच, पण डायबिटीस नाही. त्या दिवसापासून मी प्रत्येक एवनसीच्या शेजारी हिमोग्लोबिन, एमसीव्ही आणि त्या दिवशीची साखर ठेवून बघते, जुळलं नाही तर रिपोर्टवर तसं लिहून मगच सही करते.